अकरा मजली इमारतीत सॉइल पाइपला मध्येच दिलेला ऑफसेट: वेगळा व्हेंट खरोखरच लागतो का?

मोगरा_नागपूर

नमस्कार मंडळी. मनीषनगर भागातील आमच्या फ्लॅट स्कीममध्ये तळमजल्यावर दुकाने, पहिल्या मजल्यावर कार्यालये आणि दुसऱ्यापासून अकराव्या मजल्यापर्यंत घरे आहेत. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. सकाळी सहा ते आठच्या दरम्यान वरच्या मजल्यांवर फ्लश होऊ लागले की आमच्या कमोडमधील पाणी खदखदते, मोठे बुडबुडे येतात आणि कधीकधी शिंतोडे थेट सीटपर्यंत उडतात. बाथरूममधल्या नहाणीतून दुर्गंधी येते ती वेगळीच. तुंबलेले मात्र काहीच नाही, कारण आमचा फ्लश एका दमात वाहून जातो आणि प्लंबरने दोनदा स्प्रिंग फिरवूनही काही निघाले नाही.

सगळ्या कमोडांचे मैलापाणी घेऊन डक्टमधून खाली येणारा ११० मि.मी.चा सॉइल पाइप आमच्या स्लॅबच्या खाली, म्हणजे कार्यालयांच्या फॉल्स सीलिंगच्या वर, काटकोनात वळून सुमारे चार मीटर आडवा जातो आणि मग कॉलमला लागून पुन्हा उभा खाली चेंबरकडे उतरतो. आमचा कमोड आणि नहाणी दोन्ही या वळणाच्या जेमतेम फूटभर वर जोडलेले आहेत. बिल्डरच्या साइट इंजिनिअरचे म्हणणे असे की, दहा मजल्यांवरून पडणाऱ्या पाण्याचा वेग तोडण्यासाठी हे वळण मुद्दाम दिले आहे. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी मात्र पाहताक्षणी विचारले, ‘ऑफसेटला व्हेंट कुठे आहे?’ ऑफसेट म्हणजे हे आडवे वळण आणि व्हेंट म्हणजे हवेसाठीचा वेगळा पाइप; तो कुठेच नाही. डक्टमधला पाइप गच्चीवर टोकाच्या जाळीदार टोपीपर्यंत, म्हणजे काऊलपर्यंत गेलेला आहे, पण त्याच्या जोडीला दुसरा पाइप नाही. हा त्रास खरोखर वळणामुळे होतो का, आणि होत असेल तर व्हेंट नेमका काय करतो, हे कोणी समजावून सांगेल का?

खर्रा_सोडला

आमच्याही छतातून असेच पाणी गळत होते. वरच्याच्या बाथरूमची टाइल्सची फट भरून घ्या, आठ दिवसांत फरक पडेल.

मोगरा_नागपूर

दादा, आमच्याकडे काहीही गळत नाही. पाणी खाली येण्याऐवजी हवा वर येते, अशी आमची तक्रार आहे.

खर्रा_सोडला

बाप्पा! मग तर उलटी गंगाच झाली. बसून वाचतो.

संत्रा_बर्फी

माझ्या मते व्हेंटबिंट इतक्या खोलात जाण्याची गरज नाही. नागपूरच्या मे महिन्यात नहाणीच्या ट्रॅपमधील, म्हणजे वास अडवण्यासाठी ठेवलेल्या वाकातील पाणी आटते आणि गटाराचा वास सरळ घरात येतो. आमच्या प्रतापनगरच्या घरी पाहुण्यांच्या खोलीचे बाथरूम बंद असते, तिथे दर उन्हाळ्यात हेच होते. आठवड्यातून एकदा मगभर पाणी ओतले की वास बंद होतो. शिवाय एक गंमत सांगतो: कूलर चालू असला की तो वास कमी होतो आणि बंद केला की परत येतो, कारण कूलर बाहेरची हवा घरात ढकलतो आणि घरातली हवाच त्या रिकाम्या ट्रॅपमधून खाली जाते.

गच्चीवाला

आधी गच्चीवर जाऊन काऊल पाहून घ्यावा, असे सुचवतो. आमच्याकडे कबुतरांनी काऊलच्या जाळीवर काड्या रचल्या होत्या आणि वरच्या दोन मजल्यांवरचे ट्रॅप गुडगुड करत होते. काड्या काढल्या आणि आवाज थांबला.

मोगरा_नागपूर

काऊल पाहिला, तो मोकळा आहे. संत्रा_बर्फी, आमचे बाथरूम रोज वापरात असते, त्यामुळे ट्रॅप आटण्याचा प्रश्न येत नाही. आणि हा त्रास ऐन डिसेंबरातही होता.

निवृत्त_जलनिस्सारण

मोगराताई, प्रश्न नीट मांडला आहे. उत्तर जरा लांबेल.

आधी संत्रा_बर्फी यांचा मुद्दा. पाणी आटल्यामुळे येणारा वास आणि दाबामुळे येणारा वास यांतला फरक ओळखणे अवघड नाही. आटलेल्या ट्रॅपचा वास दिवसभर एकसारखा येतो, बंद बाथरूममध्येच येतो आणि पाणी ओतताच थांबतो. दाबाचा त्रास वरच्या मजल्यावरच्या वापराशी बांधलेला असतो, म्हणजे वर फ्लश झाला की खाली हालचाल होते; आणि ट्रॅप भरलेला असूनही वास येतो, कारण हवा पाण्यातून बुडबुड्यांनी वाट काढते. ताईंचे प्रकरण दुसऱ्या प्रकारचे आहे. काऊल बंद असता तर पाइपात हवा वरून येऊ शकली नसती आणि त्याचा परिणाम मुख्यतः वरच्या व मधल्या मजल्यांवर ट्रॅप ओढले जाण्यात दिसला असता. गच्चीवाला यांच्याकडे तसेच झाले होते.

आता वेगाविषयी. उभ्या पाइपात पाणी मध्यभागातून दगडासारखे पडत नाही. टीमधून आत शिरल्यावर ते लगेच पाइपाच्या भिंतीला चिकटते, तिथे त्याचा पातळ पडदा तयार होतो आणि मधोमध हवेचा गाभा राहतो. भिंतीचे घर्षण आणि गुरुत्व यांचा समतोल फार लवकर साधला जातो. ११० मि.मी.च्या पाइपात दोन-तीन कमोड एकदम फ्लश झाले असे धरले, म्हणजे सेकंदाला सुमारे ४ लिटर पाणी आले, तर पडद्याचा वेग सेकंदाला साधारण पावणेतीन मीटरवर स्थिरावतो आणि त्यासाठी त्याला दीड मीटरचे अंतरही पुरते. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून निघालेले पाणी आणि अकराव्या मजल्यावरून निघालेले पाणी तुमच्या वळणापाशी जवळपास सारख्याच वेगाने पोहोचते. त्यामुळे वेग तोडण्यासाठी मधे ऑफसेट देण्याला अर्थ नाही. ऑफसेट द्यावा लागतो तो इमारतीच्या रचनेमुळे, आणि ज्याने तो दिला त्याने त्याच्यासोबत व्हेंटही द्यायला हवा.

नळकारागीर

सर, आपला आदर राखून बोलतो. माझे वय हिंगणा रोड आणि बेशाच्या साइट्सवरच गेले. उंच इमारतीत सरळ पाइप टाकला की तळाचा बेंड फुटतो, हे मी स्वतः पाहिले आहे. म्हणून आमच्याकडे चार-पाच मजल्यांवर एक वळसा देण्याची पद्धत आहे. वळशाने वेग तुटतो की नाही तुटत?

निवृत्त_जलनिस्सारण

वळणात वेग तुटतो, यात शंका नाही. पण त्याखालच्या उभ्या पाइपात पुढच्या दीड मीटरमध्ये तो पुन्हा पूर्ववत होतो, म्हणून तळाच्या बेंडला त्याचा काही उपयोग होत नाही. तळाचा बेंड फुटतो तो बहुधा खाली आधार नसल्यामुळे किंवा तिथे छोट्या त्रिज्येचा हलका बेंड लावल्यामुळे. त्याखाली काँक्रीटचा टेकू द्यावा आणि एका ९० अंशाच्या बेंडऐवजी ४५ अंशाचे दोन बेंड लावावेत.

आणि वेग तुटतो हेच मूळ दुखणे आहे. वरचाच हिशेब पुढे नेतो. सेकंदाला ४ लिटर पाणी पावणेतीन मीटर वेगाने उतरत असताना पाइपाच्या छेदाचा जेमतेम सहावा भाग व्यापते आणि उरलेल्या पाच भागांतून हवा पाण्याबरोबर खाली ओढली जाते. ही हवा पाण्याच्या कित्येक पट असते. आता हेच पाणी बेंडवर आदळून आडव्या पाइपात शिरले. तिथे ६० मीटरला १ मीटर असा बऱ्यापैकी उतार असला तरी पाणी सेकंदाला सुमारे एक मीटरनेच वाहते. म्हणजे त्याच पाण्याला आता पाइपाचा जवळजवळ अर्धा छेद लागतो. बेंडनंतर पहिल्या मीटरभरात तर वेगवान पाणी संथ पाण्यावर चढते, तिथे उसळी तयार होते आणि काही क्षण ती पाइपाच्या माथ्याला टेकते. वाहनांची रांग टोलनाक्यापाशी दाटते तसेच हे आहे. फरक इतकाच की दाटलेल्या पाण्याच्या मागे हवा अडकते आणि वरून नवी हवा येतच राहते.

ती हवा कुठे जाणार? वर जाऊ शकत नाही, कारण वरून पाण्याचा पडदा तिला खाली रेटतो. पुढे जाऊ शकत नाही, कारण उसळीने दार लावले आहे. म्हणून वळणाच्या लगेच वर दाब वाढतो आणि त्याला सगळ्यात जवळचा मार्ग सापडतो तो तुमच्या कमोडचा.

मोगरा_नागपूर

हे समजले. पण मग वळणाच्या खाली, कॉलमला लागून असलेल्या पाइपात काय होते? तिथे पहिल्या मजल्यावरच्या कार्यालयाचे स्वच्छतागृह जोडले आहे.

निवृत्त_जलनिस्सारण

तिथे नेमके उलटे होते. आडव्या पाइपातून पाणी दुसऱ्या वळणावर येते आणि पुन्हा उभे पडू लागते, म्हणजे पुन्हा पडदा तयार होतो आणि पुन्हा त्याला सोबत हवा हवी असते. पण ती वरच्या उसळीपलीकडे अडकलेली आहे. म्हणून खालच्या उभ्या भागाच्या माथ्याशी दाब कमी होतो आणि तिथे जोडलेल्या ट्रॅपमधील पाणी ओढले जाते. त्या कार्यालयात जाऊन विचारा. तुमच्याकडे खदखद आहे, त्यांच्याकडे बहुधा घरघर आणि नंतर वास असेल.

मोगरा_नागपूर

आज कार्यालयात विचारले. त्यांच्या शिपायाने सांगितले की रोज सकाळी उघडल्यावर स्वच्छतागृहात वास असतो आणि नहाणीत बादलीभर पाणी ओतल्यावर जातो. त्यांना वाटत होते की रात्रभर बंद असल्यामुळे पाणी आटते.

संत्रा_बर्फी

एका रात्रीत ट्रॅप आटणे नागपूरच्या मे महिन्यालाही जमणार नाही, हे मान्य करतो. रात्री आणि पहाटे वरची घरे वापरात असतात, तेव्हा तो ओढला जात असणार.

पण उपाय सोपा नाही का? हल्ली हवा आत घेणारा एकमार्गी व्हॉल्व्ह मिळतो. पाइपात ओढ लागली की तो उघडतो आणि एरवी वास बाहेर येऊ देत नाही. दोन्ही ठिकाणी एकेक लावून टाका, म्हणजे स्लॅब फोडण्याची गरज उरणार नाही.

निवृत्त_जलनिस्सारण

कार्यालयाकडे तो काही प्रमाणात चालेल, कारण तिथे ओढ आहे. ताईंच्या मजल्यावर तो निरुपयोगी आहे. तिथे हवा बाहेर पडायला वाट हवी आहे आणि हा व्हॉल्व्ह दाब वाढला की घट्ट मिटतो. वाढलेला दाब शोषून घेणारी, आतून रबरी पिशवी असलेली उपकरणेही असतात, पण साधी नळी जे काम करते त्यासाठी ती विकत घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

वळणाच्या एका बाजूला हवा जास्त झाली आहे आणि चार मीटरवर दुसऱ्या बाजूला तीच हवा कमी पडते आहे. या दोन जागा वेगळ्या पाइपाने एकमेकींना जोडल्या की वरची जादा हवा उसळीला वळसा घालून खाली जाते आणि दोन्ही तक्रारी एकदम मिटतात. ऑफसेटच्या व्हेंटचे सगळे मर्म एवढेच आहे. गच्चीवरचा काऊल हे काम करू शकत नाही, कारण तो दहा मजले वर आहे आणि त्याच्या व वळणाच्या मध्ये पाण्याचा पडदा आहे.

महालकर

आमचे महालातले घर तीन मजल्यांचे आहे. खालच्या दुकानासाठी आम्ही बाहेरच्या भिंतीवर सॉइल पाइपला दीड मीटरचा वळसा दिला आहे. व्हेंट नाही आणि बरीच वर्षे काहीही त्रास नाही. मग आम्हीही आता पाइप टाकायचा का? की हा सगळा उंच इमारतींचा छंद आहे?

निवृत्त_जलनिस्सारण

तुम्हाला गरज नाही. तीन मजल्यांपर्यंत आणि वापर हलका असेल तर ब्रिटिश पद्धतीतही ऑफसेटला जादा व्हेंट मागत नाहीत. अमेरिकेतील एका प्रचलित संहितेत आडव्या ऑफसेटच्या वर पाच किंवा अधिक मजल्यांच्या जोडण्या असतील तरच व्हेंट सक्तीचा आहे. कारण सरळ आहे: एकाच वेळी किती फ्लश होतील हे वर किती घरे आहेत त्यावर ठरते. तुमच्याकडे एका वेळी एकच कमोड वाहतो, त्याने उसळी माथ्याला टेकत नाही. ताईंच्या वळणाच्या वर दहा मजले आहेत. तसेच, वळण सर्वांत वरच्या जोडणीच्याही वर, म्हणजे फक्त हवेच्या भागात असेल, तर कितीही उंच इमारत असली तरी काही करावे लागत नाही.

नळकारागीर

आता समजले की माझ्या साइट्सवर तक्रारी का आल्या नाहीत. बहुतेक ठिकाणी वळणाच्या वर तीन-चार मजलेच होते. तरी एक शंका राहते. आम्ही वळणाला ९० चे बेंड न लावता ४५ चे लावतो. त्यानेच काम भागत असेल तर वेगळा व्हेंट कशाला?

निवृत्त_जलनिस्सारण

४५ चे दोन बेंड जोडून काटकोन केला, तर पाणी आदळण्याऐवजी घसरते आणि उसळी थोडी बसते, पण आडवा भाग आडवाच राहतो. संपूर्ण ऑफसेटच ४५ अंशात तिरका उतरवला, तर मात्र पाण्याचा वेग फारसा तुटत नाही आणि व्हेंट सहसा लागत नाही. अडचण अशी की चार मीटर बाजूला सरकण्यासाठी ४५ अंशात चार मीटर उंचीही लागते आणि फॉल्स सीलिंगमध्ये ती कुठून आणायची? म्हणून तिरका ऑफसेट अर्ध्या-एक मीटरच्या सरकण्यालाच जमतो.

वास्तुरेखा

मी वास्तुविशारद आहे, म्हणून दुसरी बाजू मांडते. घरांचे बाथरूम जिथे येते तिथेच खाली दुकानाचे शटर किंवा पार्किंगचा रस्ता येतो, आणि ग्राहकाला दुकानाच्या मधोमध पाइप नको असतो. दुकाने आणि घरे एकाच इमारतीत असतील तर ऑफसेट जवळपास अटळ असतो. त्यामुळे ‘ऑफसेट देऊच नका’ हा सल्ला कागदावर ठीक आहे. माझ्या अनुभवात नकाशात व्हेंट दाखवलेला असतो, पण डक्ट ठरवताना एकाच पाइपापुरती जागा सोडली जाते आणि प्रत्यक्ष कामात सगळ्यात आधी व्हेंटच गाळला जातो, कारण त्यातून पाणी वाहत नाही आणि ताबा देताना तो नसल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही.

यातून निघणारा दुसरा मार्ग म्हणजे ऑफसेटच्या लगतच्या मजल्याला मुख्य पाइपाशी जोडायचेच नाही. मोगरा यांच्या मजल्याची वेगळी लाइन स्लॅबखालून नेऊन ती खालच्या उभ्या पाइपाला किंवा थेट चेंबरला द्यावी. मला व्हेंटपेक्षा हे अधिक खात्रीचे वाटते.

सचिव_बेसा

वास्तुरेखा यांच्याशी अर्धाच सहमत आहे. आमच्या स्कीममध्ये हुबेहूब हीच तक्रार होती आणि आम्ही आधी नेमके हेच केले, म्हणजे ऑफसेटच्या वरच्या पहिल्या मजल्याची लाइन वेगळी केली. त्या मजल्याचा त्रास संपला, पण काही दिवसांनी त्याच्या वरच्या मजल्यावरून तक्रार आली. ती कमी तीव्र होती, पण होती. शेवटी आम्ही व्हेंटही टाकला, तेव्हा दोन्ही मजले शांत झाले. आणि एक जपा: सोसायटीच्या सभेत हा विषय ‘दुसऱ्या मजल्याचा खासगी प्रश्न’ म्हणून बाजूला सारला जातो. सॉइल पाइप सामाईक आहे हे इतिवृत्तात लिहून घ्या.

खर्रा_सोडला

म्हणजे वरच्या दहा मजल्यांनी फ्लश करायचा आणि वर्गणी दुसऱ्या मजल्याने भरायची. लोकशाही आहे.

निवृत्त_जलनिस्सारण

सचिवांचा अनुभव अपेक्षित असाच आहे. खालचा मजला काढून घेतला की पुढचा मजला ‘सर्वांत खालचा’ होतो. तो वळणापासून तीन मीटर वर असल्यामुळे दाब कमी झालेला असतो, पण शून्य नसतो. शिवाय त्याने कार्यालयाची ओढ तशीच राहते.

फोडाफोडीपूर्वी मोजून घ्या. पारदर्शक नळीचा यू आकार करून त्यात निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरा. वळणाच्या वर जी डोअर टी असेल तिच्या झाकणाऐवजी भोक पाडलेले झाकण घट्ट बसवा आणि नळीचे एक टोक त्यात घाला. दुसरे टोक मोकळे. मग तीन वेगवेगळ्या मजल्यांवर एकदम फ्लश करायला सांगा आणि नळीतील दोन बाजूंच्या पातळीत किती फरक पडतो ते पाहा. ट्रॅपमध्ये ५० मि.मी. पाण्याचे सील असते आणि त्यातले निम्मे तरी शिल्लक राहावे म्हणून पाइपातला दाब दोन्ही बाजूंना पाण्याच्या ३८ मि.मी.च्या आत ठेवतात. हीच चाचणी खालच्या उभ्या भागावरही करा. एक मर्यादा लक्षात असू द्या: नळीतील पाणी सुस्त असते, त्यामुळे क्षणभराचा झटका ते पूर्ण दाखवत नाही, प्रत्यक्ष आकडा दिसतो त्यापेक्षा मोठाच असतो.

मोगरा_नागपूर

रविवारी नळकारागीर स्वतः आले, त्यांचे मनापासून आभार. चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मजल्यावर फोन करून एकदम फ्लश करायला लावले. वळणाच्या वर नळीतील पाणी झटक्यात बाहेरच्या बाजूला चढले आणि फरक ७० मि.मी.च्या आसपास दिसला; त्याच क्षणी माझ्या कमोडमध्ये मोठा बुडबुडा फुटला. नंतर नळी कॉलमजवळच्या पाइपाला लावली, तेव्हा पाणी उलट पाइपाच्या बाजूला ओढले गेले आणि फरक साधारण ४५ मि.मी. होता. एकच मजला फ्लश केला तर दोन्हीकडे हालचाल किरकोळ होती. वरच्या मजल्यावरच्या काकूंना मात्र अजूनही वाटते की आम्ही पाण्याचे मीटर बसवत होतो.

नळकारागीर

चाचणी डोळ्यांनी पाहिली, म्हणून आता वाद घालत नाही. एकाच वेळी वर दाब आणि खाली ओढ, असे मी यापूर्वी कधी मोजून पाहिले नव्हते. आता कामाचे बोलू. सगळ्यात सोपे म्हणजे खालच्या उभ्या पाइपाच्या माथ्यावरचा बेंड काढून तिथे वाय आकाराचा जोड लावायचा आणि तेच डोके सरळ वर नेऊन व्हेंट करायचा. पण कॉलमची ती रेषा ताईंच्या दिवाणखान्यात निघते. तिथून पाइप नेऊ म्हटले तर त्या मला घरात घेणार नाहीत. म्हणून व्हेंट सीलिंगखालून चार मीटर मागे डक्टकडे आणावा लागेल. ७५ चा पाइप पुरेल ना, सर? आणि तो वर कुठे जोडू?

निवृत्त_जलनिस्सारण

७५ पुरेल; सॉइल पाइपाच्या निम्म्या व्यासापेक्षा लहान नको, एवढे पाहा. खालची जोडणी वळण आणि कार्यालयाची शाखा यांच्या मध्ये घ्या, शाखेच्या खाली नको. वाय वर तोंड करून बसवा, म्हणजे भिंतीवरून उतरणारे पाणी व्हेंटमध्ये शिरणार नाही. आडव्या चार मीटरला डक्टकडे चढता उतार द्या, म्हणजे चुकून आत आलेले पाणी परत सॉइल पाइपातच जाईल. डक्टमध्ये पोहोचल्यावर तो उभा करून दोन ठिकाणी जोडावा लागेल. वळण आणि ताईंची शाखा यांच्या मधल्या फूटभरात आणखी एक वाय लावून तिथून जादा हवा व्हेंटमध्ये घ्या, कारण दाब तिथेच सर्वांत जास्त आहे. वरचे टोक ताईंच्या कमोडच्या काठापेक्षा बरेच वर, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या शाखेच्या वर सॉइल पाइपाला द्या किंवा स्वतंत्रपणे गच्चीवर न्या. काठाच्या खालीच जोडून थांबलात, तर पुढेमागे मुख्य लाइन तुंबली की घाण व्हेंटमध्ये भरेल आणि कोणाला कळणारही नाही.

आडवा व्हेंट सीलिंगखालून नेणे मला तितकेसे पसंत नाही, कारण तो भाग कमोडच्या काठाखालीच राहतो. पण दिवाणखान्याचा पर्याय नसेल तर त्याच्या दोन्ही टोकांना साफ करण्यासाठी झाकणे ठेवा.

वास्तुरेखा

तिसऱ्या मजल्यावर सॉइल पाइपालाच परत जोडले, तर तिथेही पाण्याचा पडदा आहेच. मग गच्चीपर्यंत नेणे अधिक चांगले नाही का? राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या भाग ९ नुसार नवे काम करताना मी तरी स्वतंत्र व्हेंटच दाखवेन.

निवृत्त_जलनिस्सारण

नव्या इमारतीत नक्कीच. इथे जुन्या डक्टमध्ये जागा असेल तर गच्चीच उत्तम, पण दहा मजल्यांच्या लांबीला ७५ चा पाइप घर्षणाने कमी पडू शकतो, तेव्हा ११० चा घ्यावा. जागा नसेल तर तिसऱ्या मजल्याच्या वर जोडलेला वळसाही बहुतांश काम करेल, कारण मुख्य देवाणघेवाण ऑफसेटच्या दोन बाजूंमध्येच आहे. यावर अभियंत्यांमध्ये मतभेद आहेत आणि मी तो इथे मिटवू शकत नाही.

सचिव_बेसा

आमचा व्हेंट सॉइल पाइपालाच परत जोडला होता आणि त्रास थांबला, पण आमच्या ऑफसेटच्या वर फक्त सात मजले होते. तुमच्या दहा मजल्यांबद्दल छातीठोकपणे सांगता येणार नाही.

मोगरा_नागपूर

डक्ट उघडून पाहिला. पाचव्या मजल्यावरच्या कुटुंबाने स्वयंपाकघर वाढवताना डक्टचा निम्मा भाग बंद केला आहे, त्यामुळे ११० चा दुसरा पाइप गच्चीपर्यंत जाणार नाही. ७५ चा कसाबसा जाईल. समितीने तूर्त तिसऱ्या मजल्याच्या वर जोडण्याचे मान्य केले आहे आणि नंतर तीच नळी लावून पुन्हा मोजायचे ठरले आहे. कार्यालयाच्या मालकांनी सीलिंग शनिवारी दुपारनंतर उघडू देण्याचे कबूल केले.

नळकारागीर

शनिवारी चार वाजता येतो. ताई, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत वरच्या सगळ्या मजल्यांना फ्लश न करण्याची सूचना लिफ्टमध्ये लावा. वायसाठी पाइप कापलेला असताना दहाव्या मजल्यावरून काही आले, तर मी खाली शिडीवर असेन.

खर्रा_सोडला

सूचना मोठ्या अक्षरांत लावा. आणि काकूंना स्वतः जाऊन सांगा.